ए२ पोस्टरवरून ए५ फ्लायर आणि ए६ हँडबिल: व्याख्यानमालेच्या एका कामाची पूर्ण केस

मागच्या उन्हाळ्यात सातारा भागातल्या एका वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेचं छपाईचं काम माझ्याकडं होतं. सात दिवस सात व्याख्यानं. पोस्टर ए२ मध्ये २५, फ्लायर ए५ मध्ये ३०० आणि पेपरमध्ये घालून वाटायला ए६ हँडबिल १००० असं ठरलं. पोस्टरचं डिझाइन समितीनं चार बैठका घेऊन मंजूर केलं होतं आणि सचिव काकांचं म्हणणं एकच, की हेच डिझाइन तसंच्या तसं तिन्हीकडं दिसलं पाहिजे, लोकांनी चौकातलं पोस्टर बघितलं आणि सकाळी पेपरमधून हँडबिल पडलं तर एका नजरेत ओळख पटली पाहिजे. मागणी अगदी रास्त आहे. पण "तेच लहान करायचंय, त्यात काय" असं समजून हे काम हातात घेतलं की कुठं कुठं अडकतं ते या कामात नीट कळलं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी साइझचं बघू, कारण तिथंच पहिला फाटा फुटला. प्रेसवाल्यांनी सांगितलं हँडबिल डेमी वन-एटमध्ये करू, कागद पडून आहे, स्वस्त पडेल. आपल्याकडं हँडबिल म्हटलं की डेमी वन-एट हे बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यात चूक काही नाही. पण डेमी म्हणजे १८ × २३ इंची कागद, त्याचे आठ भाग केले की ५.७५ × ९ इंच आणि कटिंग होऊन साधारण ५.५ × ८.५ इंच हातात येतं, म्हणजे १४० × २१६ मिमी. लांबी-रुंदीचं गुणोत्तर १.५४. ए२ पोस्टर ४२० × ५९४ मिमी, गुणोत्तर १.४१. आता हे पोस्टर १४० मिमी रुंदीला बसवलं तर उंची येते १९८, म्हणजे खाली-वर मिळून १८ मिमी पट्टा रिकामा राहतो, आणि उंचीला बसवलं तर रुंदी १५३ होऊन दोन्ही बाजू कापल्या जातात. मग ऑपरेटर काय करतो, खालचं हँडल धरून खाली ओढतो आणि पान भरून टाकतो. उंचीला ९ टक्के ताण बसतो, अक्षरं उभट आणि किडकिडीत दिसतात, फोटोतले वक्ते अचानक बारीक होतात. गावातली निम्मी बिघडलेली हँडबिलं बघितलीत तर मूळ इथंच सापडेल. शिवाय डेमीचं गुणोत्तर प्रत्येक अर्ध्याला बदलतं, वन-फोर्थ ९ × ११.५ म्हणजे १.२८, वन-एट १.५७, परत वन-सिक्स्टीन १.२८. एकाच कागदाचे तुकडे असूनसुद्धा एकाचं डिझाइन दुसऱ्यात बसत नाही.

ए सिरीजमध्ये हे होत नाही आणि त्याचं कारण साधं आहे. गुणोत्तर २ चं वर्गमूळ, म्हणजे १.४१४ ठेवलं की कागद लांब बाजूच्या मधोमध अर्धा केला तरी अर्ध्याचं गुणोत्तर तेच येतं. दुसऱ्या कुठल्याही गुणोत्तराला हे जमत नाही. ही गोष्ट लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन प्राध्यापकानं १७८६ मध्ये एका पत्रात लिहून ठेवलेली आहे, पुढं १९२२ मध्ये जर्मनीत तिचा स्टँडर्ड झाला आणि १९७५ मध्ये तो आयएसओ २१६ म्हणून जगभर गेला. झेरॉक्स मशीनवर ७१% आणि १४१% ची बटणं दिसतात ना, ती याच वर्गमुळातून आलीयत, एक साइझ खाली गेलं की ७०.७%, दोन साइझ खाली गेलं की बरोबर ५०%. म्हणून आमच्या कामात ए२ वरून ए५ म्हणजे तीन पायऱ्या, ३५.३५%, आणि ए२ वरून ए६ म्हणजे चार पायऱ्या, नेमके २५%. समितीला हे एक ए४ कागद घडी घालून दाखवलं तेव्हा लगेच पटलं आणि हँडबिल ए६ मध्येच करायचं नक्की झालं.

इथपर्यंत सगळं सोपं. मी पोस्टरचं पीडीएफ करून प्रेसला पाठवलं आणि फोनवर सांगितलं की ए५ ला आणि ए६ ला रिड्यूस करून प्रूफ काढा. टक्के सांगितले नाहीत, ती माझी चूक. दोन दिवसांनी प्रूफ आली. ए५ बघून मला काही खटकलं नाही. ए६ हातात घेतलं आणि तीन गोष्टी दिसल्या. चारी बाजूंची बॉर्डर जवळजवळ कागदाच्या कडेवर गेली होती, उजवीकडं तर नाहीशीच झालेली. शीर्षकाची अक्षरं बुजून गोळा झाली होती. आणि व्याख्यानांचे विषय भिंग घेतल्याशिवाय वाचता येत नव्हते. या तिन्ही गोष्टींची कारणं एकदम वेगवेगळी निघाली, म्हणून एकेक घेतो.

बॉर्डरचं आधी, कारण तिथं मला स्वतःला सर्वात जास्त वेळ लागला. मला वाटत होतं गुणोत्तर एकच आहे तर ताण बसूच शकत नाही. मग वाचनालयाचं गोल बोधचिन्ह मोजलं. पोस्टरवर ते बरोबर ८० मिमी व्यासाचं आहे म्हणजे २५ टक्क्यांत २० मिमी यायला हवं. प्रेसची फाइल मागवून कोरलड्रॉमध्ये उघडली तर चिन्ह होतं २०.८ रुंद आणि २०.५ उंच. म्हणजे एक तर ते मोठं आलं होतं आणि वर गोलही राहिलं नव्हतं. डोळ्याला दीड टक्का दिसत नाही पण आकडा खोटं बोलत नाही.

कारण ब्लीड. पोस्टरला मी नेहमीप्रमाणं चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड ठेवलं होतं, म्हणजे कटिंग थोडं सरकलं तरी कडेला पांढरी रेघ येऊ नये म्हणून रंग कटिंग लाइनच्या बाहेर ३ मिमी वाढवून ठेवतात ते. त्यामुळं माझ्या पीडीएफचं पान होतं ४२६ × ६००. ऑपरेटरनं ए६ साठी पान घेतलं ते पण ब्लीडसकट, १११ × १५४. आणि पीडीएफ आणून, रुंदी-उंचीचं गुणोत्तर बांधून ठेवणारं लॉक काढून, रुंदी १११ उंची १५४ टाइप केली. त्याच्या दृष्टीनं ब्लीडचं पान ब्लीडच्या पानात बसवलं, बरोबरच केलं. पण ब्लीड चढवलं की साइझ ए सिरीजमधून बाहेर पडते, ही गोष्ट आहे सगळी. ४२६ × ६०० चं गुणोत्तर १.४०८, १११ × १५४ चं १.३८७. कागद लहान होत गेला तरी आपण ब्लीड तेवढंच ३ मिमी ठेवतो, म्हणून प्रत्येक पायरीला गुणोत्तर थोडं थोडं घसरत जातं. रुंदीला २६.०६ टक्के झाले आणि उंचीला २५.६७. ताण तिथून आला.

आणि ताणापेक्षा मोठं नुकसान वेगळंच. २५ ऐवजी २६ टक्के झाल्यावर सगळा मजकूर बाहेर सरकतो. पोस्टरवर बॉर्डर कडेपासून १० मिमी आत होती. बरोबर पंचवीस टक्क्यांत ती २.५ मिमी आत यायला हवी. आता हिशोब बघा, पोस्टरच्या मध्यापासून बॉर्डर २०० मिमीवर आहे, २०० चे २६.०६ टक्के म्हणजे ५२.१, आणि ए६ ची कड मध्यापासून ५२.५ वर. म्हणजे बॉर्डर आणि कटिंग यांच्यात ०.४ मिमी उरलं. कटर मशीनवर गठ्ठा दाबल्यावर मिमीभर इकडंतिकडं होतंच, त्यात कुणाचा दोष नाही, त्यामुळं उजवीकडची बॉर्डर गेली. ए५ च्या प्रूफमध्ये हाच घोटाळा झाला होता, फक्त तिथं १.७ मिमी शिल्लक राहिलं म्हणून मला दिसला नाही. जेवढं लहान करत जाल तेवढा ब्लीडचा वाटा मोठा होत जातो, त्यामुळं ही चूक फ्लायरवर लपते आणि हँडबिलवर उघडी पडते.

उलटी चूक पण होते ती सांगून ठेवतो. समजा ऑपरेटरनं पूर्ण पीडीएफ प्रामाणिकपणे २५ टक्के केलं असतं तर मजकूर अगदी जागेवर आला असता, पण ३ मिमी ब्लीडचं झालं असतं ०.७५ मिमी. कटिंग मिमीभर सरकलं की कडेला पांढरी रेघ. म्हणजे ३ मिमी ब्लीडच्या पोस्टर फाइलवरून बिनताणाचं आणि पुरेसं ब्लीड असलेलं ए६ निघूच शकत नाही. एक तर ताण नाहीतर पांढरी कड. यातून सुटायचं तर दुरुस्ती पोस्टरच्या फाइलमध्येच करावी लागते. ए६ वर ३ मिमी हवं असेल तर पोस्टरवर चारपट, १२ मिमी ब्लीड पाहिजे. मग पोस्टरचं पान होतं ४४४ × ६१८, त्याचे २५ टक्के १११ × १५४.५, म्हणजे ए६ चं ब्लीडसकट पान अर्ध्या मिमीच्या फरकानं तंतोतंत मिळतं. ए५ ला त्याच १२ चे ४.२ मिमी होतात, जास्तच आहेत, कापून टाकायचे. पोस्टर छापताना पण बाहेरचं जास्तीचं कापायचं, काही बिघडत नाही.

माझ्या पोस्टरवर पार्श्वभूमीला गुलमोहराच्या फांद्यांचं चित्र कडेपर्यंत होतं आणि ते ३ मिमीवरच संपत होतं. ते चित्र वाढवून घ्यायला चित्रकाराकडं परत जावं लागलं, एक दिवस गेला. डिझाइन सुरू करतानाच सर्वात लहान साइझ कोणती हे विचारलं असतं तर हा दिवस वाचला असता. आता कुठलंही पोस्टर हातात घेतलं की पहिला प्रश्न तोच विचारतो.

मग लहान करायची पद्धत बदलली. पोस्टरच्या फाइलमध्ये बरोबर ४२० × ५९४ चा एक चौकोन काढला, भरलेला रंग नाही, आउटलाइन नाही, आणि सगळ्या मजकुरासकट तो ग्रुप केला. हा चौकोन म्हणजे कटिंगची कड. ग्रुप कॉपी करून १०५ × १४८ च्या पानावर टाकला, लॉक चालू ठेवून स्केलच्या खान्यात २५ टाइप केलं, मिमी टाइप केले नाहीत. मग P दाबून पानाच्या मधोमध आणला आणि १११ × १५४ च्या चौकोनात पॉवरक्लिप केला, म्हणजे चौकोनाबाहेरचं सगळं झाकलं. मिमी टाइप करायचा मोह टाळायचा कारण ए सिरीजचे आकडे पूर्णांकात बसवलेत, २५ टक्क्यांत चौकोन येतो १०५ × १४८.५ आणि ए६ आहे १४८. तो अर्धा मिमी वर-खाली पाव-पाव जाऊ द्यायचा, ब्लीडमध्ये विरतो. तेवढ्यासाठी लॉक काढून दाबत बसायचं नाही. ए५ ला पण तसंच, ३५.३५ टाकलं की रुंदी १४८.५ येते, पान १४८ आहे, सोडून द्यायचं.

तपासायला गोल चिन्ह ठेवलं. ए६ वर २०.० × २०.०, ए५ वर २८.३ × २८.३. कुठलंही काम असो, फाइलमध्ये एक खरं वर्तुळ असू द्या, ते ग्रुपच्या आत पाहिजे, त्याची रुंदी आणि उंची सारखी असेल तर ताण नाही, आणि ती टक्क्याप्रमाणं असेल तर साइझ पण बरोबर. याहून सोपी खूण मला माहीत नाही.

प्रूफ छापताना एक सांभाळा, प्रिंटच्या डायलॉगमध्ये `Fit` निवडलेलं असलं की प्रिंटर गुपचूप ९६-९७ टक्के करतो आणि मग प्रूफवर पट्टी लावून काही कळत नाही. `Actual size` घ्यायचं आणि कागदावर कटिंग मार्कमधलं अंतर पट्टीनं मोजायचं, १०५ भरलं तरच पुढं बोलायचं.

आता दुसरी गोष्ट, बुजलेलं शीर्षक. हे पीडीएफवरून झालं नव्हतं, ऑपरेटरकडं माझी कोरल फाइल पण होती आणि शीर्षक त्यातून नवीन घेतलं होतं. पोस्टरवर "वसंत व्याख्यानमाला" ही अक्षरं १४० पॉइंटची आणि त्याला ८ पॉइंटची पांढरी आउटलाइन, मागच्या चित्रातून उठून दिसावीत म्हणून. लहान केल्यावर अक्षर ३५ पॉइंटचं झालं पण आउटलाइन आठचीच राहिली. व्हायला हवी होती दोनची. आउटलाइन अक्षराच्या कडेवर अर्धी बाहेर आणि अर्धी आत बसते, त्यामुळं आतून चार पॉइंट अक्षर खाल्लं गेलं, 'ख्या' मधल्या पोकळ्या भरल्या, 'सं' वरचा अनुस्वार तर पूर्ण पांढऱ्यात गेला. वसंताचं वसत झालं.

कोरलमध्ये आउटलाइन पेनच्या डायलॉगमध्ये `Scale with object` नावाचं टिक असतं, जुन्या व्हर्जनमध्ये `Scale with image`. ते माझ्या फाइलमध्ये चालू नव्हतं. इलस्ट्रेटरमध्ये हेच `Scale Strokes & Effects` नावानं प्रेफरन्समध्ये आहे. टिक नसेल तर ऑब्जेक्ट लहान होतो आणि रेघ आहे तेवढीच राहते. हा ताण नाही, गुणोत्तर ठीकच असतं, पण डोळ्याला अक्षर बेढब झालेलं दिसतं आणि लोक म्हणतात "फाटलं". इथं एक सांभाळायचं, सगळं एकत्र सिलेक्ट करून टिक मारायला गेलात तर वेगवेगळ्या जाडीच्या सगळ्या रेघा एकाच जाडीच्या होऊन बसू शकतात. म्हणून मी एकेका जाडीच्या रेघा वेगळ्या निवडून टिक दिलं, आणि शीर्षकाचं तर Ctrl+Q नं कर्व्ह करून, आउटलाइन Ctrl+Shift+Q नं वेगळा ऑब्जेक्ट करून टाकली, म्हणजे कुणाच्याही कॉम्प्युटरवर गेली तरी ती अक्षराबरोबरच लहान होणार. मूळ टाइप केलेली फाइल अर्थातच वेगळी जपून ठेवायची, कर्व्हमध्ये एकही काना दुरुस्त करता येत नाही.

पण सगळ्या रेघा लहान होऊ देणं पण बरोबर नाही. कार्यक्रमपत्रिकेच्या ओळींमध्ये १ पॉइंटच्या करड्या रेघा होत्या, त्या पाव पॉइंटच्या झाल्या, म्हणजे ०.०९ मिमी. शुद्ध काळी असती तर कदाचित टिकली असती, पण करडा रंग ठिपक्यांनी बनतो, एवढ्या बारीक रेघेत ठिपकेच तुटतात आणि रेघ तुटक दिसते. त्या हातानं अर्ध्या पॉइंटच्या आणि काळ्या केल्या.

बॉर्डरबद्दल पण इथंच सांगतो. बरोबर २५ टक्के केल्यावर ती २.५ मिमी आत आली, पण कटिंग मिमीभर सरकलं की एका बाजूला दीड आणि दुसऱ्या बाजूला साडेतीन, आणि कडेजवळच्या समांतर रेघेत हा फरक लगेच डोळ्यात जातो. पोस्टरवर तोच मिमीभर फरक १० मिमीत कुणाला कळत नाही. म्हणून ए६ वरून बॉर्डर काढूनच टाकली आणि चित्र कडेपर्यंत मोकळं सोडलं. सचिव काकांना आधी रुचलं नाही, दोन्ही कापून शेजारी ठेवल्यावर पटलं. ए५ वर ती ३.५ मिमी आत येते, तिथं ठेवली.

तिसरी गोष्ट, वाचता न येणारा मजकूर, आणि माझ्या मते या कामातला खरा विचार इथंच होता, बाकीच्या दोन गोष्टी शिस्तीच्या आहेत. पोस्टरवर चार पातळ्या होत्या, शीर्षक १४० पॉइंट, वक्त्यांची नावं ३६, विषय २४, आणि खाली पत्ता, फोन, सौजन्य वगैरे १८. पंचवीस टक्क्यांत हे झालं ३५, ९, ६ आणि साडेचार. देवनागरीला सहा पॉइंट म्हणजे इंग्रजीच्या सहापेक्षा वाईट, कारण त्याच उंचीत वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार बसवायचा असतो, मधल्या अक्षराला जागाच थोडी उरते. 'ष्ट', 'द्ध', 'क्ष' सारखी जोडाक्षरं शाईत भरून जातात. व्याख्यानमालेला येणारी माणसं साठीच्या पुढची, त्यांना आठ-नऊच्या खाली देणं मला योग्य वाटत नाही.

इथं समितीतल्या एका निवृत्त गणित शिक्षकांनी फार चांगला प्रश्न विचारला. ते म्हणाले, "पोस्टर आपण लांबून बघतो आणि हँडबिल हातात धरतो, मग चारपट लहान झालं आणि चारपट जवळ आलं तर अक्षर डोळ्याला तेवढंच दिसायला हवं ना?" आणि ते खरं आहे! हँडबिल आपण ४० सेंटिमीटरवर धरतो, पोस्टर त्याच्या चारपट म्हणजे १६० सेंटिमीटरवरून बघितलं तर दोन्ही डोळ्याला सारखीच दिसतात. मग आम्ही पोस्टरचं प्रूफ भिंतीला लावलं, दीड मीटरवर खडूनं रेघ मारली आणि तिथं उभं राहून वाचायला लागलो. शीर्षक, नावं, तारखा वाचता आल्या. विषय अडखळत. पत्ता आणि फोन कुणालाच नाही. म्हणजे हँडबिलवर जे वाचता येत नव्हतं ते पोस्टरवरही तिथून वाचता येतच नव्हतं, फक्त पोस्टरच्या वेळी आपण नकळत दोन पावलं पुढं जातो आणि वाचतो. हँडबिलला पुढं जायला जागा नाही, तसं नाकाजवळ आणलं तर डोळा फोकसच करत नाही. तेव्हापासून मी ही खडूची रेघ प्रत्येक कामात वापरतोय, ए५ करायचं असेल तर रेघ साधारण एक मीटर दहावर, कारण ४० भागिले ३५.३५ टक्के म्हणजे ११३ सेंटिमीटर. त्या रेघेवरून जी ओळ वाचता येत नाही ती नुसती लहान करून चालणार नाही, तिचं वेगळं काहीतरी करावं लागणार.

ए५ ला ते सोपं गेलं. नावं १२.७ पॉइंट आली, विषय साडेआठ, दोन्ही चालले. खालच्या ओळी ६.४ वर आल्या होत्या त्या ८ केल्या आणि जागा करायला सौजन्याची लांबलचक ओळ काढली. बाकी सगळं ३५.३५ टक्क्यांतलंच.

ए६ ला मात्र ठरवावं लागलं की काय तसंच लहान करायचं आणि काय करायचं नाही. चित्र, शीर्षक, चिन्ह, रंगाचे पट्टे आणि तारखांची मोठी ओळ हे सगळं एका ग्रुपमध्ये, २५ टक्के, जागा न हलवता. पोस्टरची ओळख याच भागात आहे, सचिव काकांना जे हवं होतं ते इथंच आहे. वक्त्यांची सात नावं ९ पॉइंटवर ठेवली. विषय आणि खालच्या ओळी समोरून पूर्ण काढल्या आणि मागच्या बाजूला नेल्या. पोस्टरला मागची बाजू नसते, हँडबिलला असते, आणि तिथं तारीख, वक्ता, विषय, वेळ असा साधा तक्ता ९ पॉइंटमध्ये व्यवस्थित बसला, खाली पत्ता आणि फोन ठळक. त्यासाठी कागद बदलावा लागला, ७० जीएसएम मॅपलिथोवर पुढचा गडद गुलमोहर मागून दिसत होता, ९० जीएसएम आर्ट पेपर घेतल्यावर थांबला. खर्च थोडा वाढला.

एक लहानसं क्यूआर कोडचं. पोस्टरवर ६० मिमीचा होता, २५ टक्क्यांत १५ मिमी. लिंक लांबलचक होती म्हणून कोडमध्ये एका ओळीत ४१ चौकोन होते, म्हणजे एक चौकोन ०.३७ मिमीचा. नव्या फोननं वाचला, सचिव काकांच्या जुन्या फोननं नाही. लिंक छोटी करून घेतली, कोडमधले चौकोन कमी झाले आणि मागच्या बाजूला तो २२ मिमीचा, भोवती चार चौकोनांएवढी पांढरी मोकळी जागा सोडून टाकला. मग सगळ्यांच्या फोनवर चालला.

छपाई डिजिटलवर १३ × १९ इंची शीटवर केली. ब्लीडसकट १११ × १५४ ची हँडबिलं आडवी लावली की एका शीटवर दोन रांगांत चार चार अशी ८ बसतात, १००० ला १२५ शीट लागली, वाया जाणारी धरून १३५ काढली. फ्लायर शीटवर ४ बसली, त्याची ७५. दोन शेजारच्या हँडबिलांमध्ये ६ मिमीची पट्टी राहते म्हणून प्रत्येक कडेला दोनदा कट मारावा लागतो. कटरवाले दादा म्हणाले एकच कट मारतो, वेळ वाचेल. तसं केलं तर सरकलेल्या कटला शेजारच्याचा रंग कडेला येतो, ही गोष्ट त्यांनाही माहीत होती, फक्त घाई होती. दोनदा मारायला लावलं.

शेवटचा गठ्ठा कापून झाल्यावर वरचं, मधलं आणि तळाचं असं एकेक हँडबिल काढून मोजलं. वरचं १०५, तळाचं १०४.५, चिन्ह तिन्हीवर २० मिमी गोल. पोस्टरची १२ मिमी ब्लीडवाली, कटिंगच्या चौकोनासकटची फाइल वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर ठेवलीय, फाइलच्या नावातच टक्के लिहिलेत.

```
vyakhyanmala_A2_bleed12_A5-35.35_A6-25.cdr
```

यंदा तीच उघडून नुसती नावं आणि तारखा बदलायच्या आहेत, आणि भिंतीजवळच्या फरशीवर दीड मीटरची खडूची रेघ परत मारायची आहे कारण या वेळी दोन वक्त्यांचे विषय फार लांब आहेत.